सरासरीची त्रिज्या

तोताराम नानांचे दोन्ही तळहात भाजले त्याला आठ दिवस झाले होते, आणि मृणाली त्या आठ दिवसांत नीट जेवली होती हे कबूल करायला हवं. वाईट वाटत होतं, पण चूक नानांची होती, तसं त्यांनी स्वतःच जबाबात सांगितलं होतं. दुसऱ्याने आपणहून गुन्हा कबूल केला की आपली भूक लवकर परत येते. माणसाची जात अशीच आहे.

जळगावच्या एमआयडीसीतला प्रेमराज शेठचा कारखाना पाइपांना लागणाऱ्या रबरी रिंगा करतो. प्रेसमध्ये साचा एकशे ऐंशी अंशांवर तापतो. साचा साफ करायचा तर त्याची वरची तबकडी काढून थंड करावी लागते. तबकडी म्हणजे फूटभर रुंद, इंचभर जाड, चौदा किलो वजनाचं गोल पोलाद. पूर्वी ती पंख्यासमोर ठेवून देत, आणि नाना अधूनमधून येऊन हाताची पाठ तिच्या वीतभर वर धरत. वीस वर्षांत त्यांचा अंदाज चुकला नव्हता. पण त्यात निम्मा दिवस जायचा आणि शेठचा जीव वरखाली व्हायचा.

म्हणून मृणालीने हवेच्या झोताची युक्ती काढली. ती असोद्याची, शिरपूरला इंजिनिअर झालेली. तिला इथे चिकटवलं तेही नानांनीच. शेठपुढे उभं राहून "आमच्या गल्लीतली पोरगी शे, हुशार शे," असं त्यांनी इतक्यांदा सांगितलं की शेठ शेवटी कंटाळून हो म्हणाले. रोज सकाळी नानांच्या मोटारसायकलवर मागे बसून ती कामावर यायची.

तबकडी एका उष्णतारोधक बैठकीवर ठेवायची, तिच्या मधोमध बारा सेंटिमीटर उंचीवर दोन सेंटिमीटरची नळी उभी धरायची आणि ब्लोअरची हवा सेकंदाला तीस मीटर वेगाने खाली सोडायची. झोत पृष्ठभागावर आपटतो, चहूकडे पसरतो आणि उष्णता ओढून नेतो. किती ओढतो, ते उष्णता-संक्रमण गुणांकावर ठरतं. त्याची सरासरी काढायचं सूत्र पुस्तकात असतं: नळीचा व्यास, तिची उंची, हवेचा वेग आणि आपण केवढ्या वर्तुळाची सरासरी घेतो आहोत त्याची त्रिज्या. मृणालीने हिशोब केला. गुणांक आला एकशे सत्तेचाळीस. तबकडी पन्नास अंशांवर यायला बावीस मिनिटं. तेवढ्या वेळानंतर हिरवा दिवा लागेल असा टायमर तिने बसवला. शेठला घाई होती, तिला हौस होती, आणि आधी एकदा तापमान मोजून बघू या असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

पहिल्याच दिवशी नाना सवयीने हाताची पाठ पुढे करू लागले, तेव्हा ती हसली होती. "नाना, आता हे सोडा. हिरवा दिवा लागला की बिनधास्त उचला."

"बरं माय," ते म्हणाले आणि त्यांनी हात मागे घेतला.

मग ती ऑफिसात गेली, आणि अर्ध्या तासाने ओरडा ऐकू आला. नानांनी तबकडी छातीपर्यंत उचलली होती. सोडावी तर खाली शेजारच्या प्रेसवरचा सुपडू उकिडवा बसून बोल्ट काढत होता. त्याच्या पाठीवर ती पडू नये म्हणून नानांनी तशीच धरून बैठकीवर परत ठेवली. दोन्ही पंज्यांची कातडी तिला चिकटून राहिली. दवाखान्यात त्यांनी जबाब दिला की दिवा लागायच्या आधीच हात घातला. शेठने निष्काळजीपणाची नोटीस काढली. कामावरून कमी करायचं पत्र महिनाअखेरीस जायचं होतं.

आज नवव्या दिवशी शेठने सांगितलं, दुसऱ्या प्रेसलाही तसाच झोत बसव, तिथली तबकडी लहान आहे. मृणालीने संगणकावरचं हिशोबाचं जुनं कोष्टक उघडलं आणि त्रिज्येच्या घरात बदल करायला गेली. त्या घरात पन्नास मिलिमीटर लिहिलेलं होतं.

ते कॉलेजमधलं कोष्टक होतं. प्रोजेक्टमध्ये त्यांनी दहा सेंटिमीटर रुंदीची चकती थंड केली होती. इथे आल्यावर तिने नळी बदलली, वेग बदलला, जाडी बदलली, धातू बदलला. त्रिज्या राहून गेली. आणि सूत्र कुरकुरलं नव्हतं, कारण पन्नासही त्याच्या मर्यादेत बसत होते आणि फूटभर तबकडीचे दीडशेही.

तिने दीडशे टाकले. झोताच्या खाली गारवा भरपूर असतो, कडेकडे जाताना तो विरळ होत जातो. त्यामुळे वर्तुळ जेवढं मोठं घ्यावं तेवढी सरासरी खाली येते. गुणांक निम्म्यावर आला, पंचाहत्तर. वेळ बेचाळीस मिनिटं. बावीस मिनिटांनी तबकडी किती गरम असेल ते तिने तीनदा काढलं. चौऱ्याऐंशी अंश. तेही सरासरीने, आणि नाना तबकडी धरतात ती कडेला.

ती उठून आधी शेठच्या केबिनमध्ये गेली, मग रिक्षाने असोद्याला.

नाना ओसरीवर बसले होते, दोन्ही हात पट्ट्यांत. भागाबाई, त्यांची बायको, त्यांना खिचडी भरवत होती. मृणालीला बघून ती ताट घेऊन आत गेली. नानांच्या मिशीला शीत लागलं होतं आणि ते त्यांना पुसता येत नव्हतं.

"नाना, दिवा लागला होता ना?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. "तुले काय करायचं शे?"

"लागला होता ना?"

"लागला व्हता," ते म्हणाले. "पन डॉक्टर काय म्हने, दोन बोटं वाकनार नही. मग मले तं आता मशीनवर कोन घेनार? माह्यं जायचं ते गेलं. तुही पह्यली नोकरी शे. म्हनलं, एकाच्या घरात तरी चूल पेटू दे. तू गप्प राह्य. कोनाले सांगू नको."

मृणालीला रडू आवरेना. "मी सांगून आले, नाना. सगळं लिहून दिलं. माझा आकडा चुकला, तुमचा हात नाही. तुमची नोटीस शेठने फाडली. बरे झालात की स्टोअरमध्ये बसा म्हणाले. दिवा आता बेचाळीस मिनिटांनी लागेल, तोही तापमापक लावून मोजल्यावर."

"आन तू?"

"मला उद्यापासून यायचं नाही."

ती वाट बघत होती की नाना रागावतील, शिव्या देतील, निदान असं का केलंस विचारतील. त्या पायरीवर बसून ते सगळं ऐकून घ्यायला ती तयार होती.

"हातानं तं काही देता आलं नही तुले," ते हळूच म्हणाले. "एक खोटं देलं व्हतं. तेबी तू परत आनलं."