पर्यायी कर्मचारी हजर झाल्यावर

बदल्यांची यादी दुपारी सव्वातीनला संगणकावर आली, तेव्हा पेढे मुलुंड स्टेशनजवळून आणायचे की कोपऱ्यावरचे चालतील, याचा उत्तरा मॅडम विचार करत होत्या. इतकी त्यांची खात्री होती. विमा कंपनीच्या या शाखेच्या त्या सहा वर्षं मॅनेजर होत्या आणि आपण शब्द टाकला की काम झालं, असा त्यांचा स्वतःबद्दल बऱ्यापैकी गोड समज होता.

नांदेडला एकच जागा रिकामी होती. तिच्यापुढे नाव होतं नितेशचं, बोरिवली शाखेतल्या. त्यांच्याच शाखेतल्या संघमित्राचं नाव यादीत कुठेच नव्हतं.

मॅडमनी यादी खालून वर वाचली, पुन्हा वरून खाली वाचली.

संघमित्राचा अर्ज त्यांना जवळजवळ पाठ होता. ‘माझे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसे लागतात. घरात आई एकटी आहे, तिचे वय सदुसष्ट. माझी नांदेडला बदली व्हावी, यासाठी आपण शिफारस करावी ही विनंती.’ अर्ज वाचून मॅडम म्हणाल्या होत्या, “तू काळजी करू नकोस गं. मी जोरात शिफारस करते.” आणि केलीही होती. मग हा नितेश कोण, दोन वर्षांच्या नोकरीचा?

त्यांनी विभागीय कार्यालयात अनिरुद्धला फोन लावला. बदल्यांची टिपणं तोच तयार करायचा.

“माझ्या शाखेतल्या मुलीची अकरा वर्षं सर्व्हिस झाली आहे. तिला डावलून हा पोरगा?”

“मॅडम, तुम्हीच तिला अडवलंत ना.”

“मी?”

“तुमच्या पत्रात शेवटी आहे बघा. ‘पर्यायी कर्मचारी हजर झाल्यावर कार्यमुक्त करण्यात येईल.’ मुंबईत द्यायला पर्यायी माणूस आहे कुठे? बोरिवलीवाल्यांनी लिहिलं, ‘तात्काळ सोडायला हरकत नाही.’ नांदेडला माणूस लगेच हवा होता. आमच्या साहेबांनी तुमची ओळ वाचली आणि तिचं नाव खोडलं.”

“अहो, पण ते तर मी प्रत्येक पत्रात...”

चार वर्षांपूर्वी दोन माणसं एकाच आठवड्यात बदलीवर गेली आणि शाखेची पार वाट लागली. तेव्हापासून मॅडमनी ही ओळ सुरू केली होती. एवढी हुशारी केली आणि नंतर ती विसरूनही गेल्या. संघमित्राच्या पत्रावर सही करताना त्यांनी वरची शिफारस तेवढी वाचली होती. ती खरंच जोरदार होती.

पण पत्र टाइप कोणी केलं होतं? शाखेची सगळी पत्रं करणारी एकच होती.

त्यांनी संघमित्राला केबिनमध्ये बोलावलं. पत्राची प्रत समोर ठेवली. यादीचं काही सांगायची गरजच पडली नाही, ती पोरीनं बाहेर पाहिली होती. डोळे कोरडे होते, त्यामुळे मॅडमना जास्तच भीती वाटली.

“ही ओळ तू घातलीस?”

“हो मॅडम.”

“अगं, स्वतःच्या अर्जावर? का?”

“तुमची पद्धत आहे ना. शिवदासांची बदली होती तेव्हा घातली, शकुताईंच्या अर्जावर घातली. माझ्याच वेळी गाळली असती, तर ती लबाडी झाली असती. आणि वाटलं, तुम्ही सही करताना बघालच.”

मॅडमनी बघितलं नव्हतं. आपली सही त्यांना त्या कागदावर स्पष्ट दिसत होती, खाली तारीखसुद्धा घातलेली, ठसठशीत. शिवदास सुटले होते, पण दीड वर्षानं. शकुताई अजून तिथेच, तीन नंबरच्या टेबलावर. इतकी वर्षं आपण माणसं अडकवून ठेवली आणि वरून त्यांच्याकडून आभार घेत राहिलो, हे मॅडमना आज कळलं आणि त्यांना स्वतःची भयंकर चीड आली.

“मी आत्ता नवीन पत्र लिहिते. स्वतः, हातानं. साहेबांना जाऊन भेटते.”

“नितेशची ऑर्डर निघाली मॅडम. सोमवारी हजर होतोय तो. नांदेडला आता जागाच नाही.”

“मग पुढची यादी?”

“पुढच्या वर्षी.”

“तोवर रजा घे. मी लगेच मंजूर करते, कितीही घे!”

“रजा संपली. सगळी बाबांसाठीच गेली.” संघमित्रानं पत्राची प्रत नीट घडी करून फाइलला लावली. मग तिनं मान वर केली आणि रोजच्या कामाचं काहीतरी विचारावं तशा आवाजात विचारलं, “मॅडम, आईला काय सांगू? काल तिनं शेजारणीला सांगून टाकलंय, आता मुलगी येतेय, बाबांना उचलायला येऊ नका म्हणून.”