प्रत माहितीसाठी

ज्या माणसाने सदतीस वर्षं साहेबाच्या सहीसाठी पत्रं लिहिली, त्याला निवृत्तीनंतर स्वतःच्या सहीचं एक पत्र लिहायला मिळालं, तर तो ते चार ओळींत कसं उरकेल? तिसऱ्या मजल्यावरच्या हेडक्लार्क काकांनी तर दोन दिवस घेतले. एक दिवस कच्च्या मसुद्याला, एक पक्क्याला.

इमारतीत त्यांना तोंडावर नुसतं काका म्हणायचे आणि पाठीमागे 'तीनप्रती काका'. कागद कसलाही असो, काका तीन प्रती काढणारच. एक समोरच्याला, एक आपल्या फायलीला आणि एक, ज्याचा या प्रकरणाशी कधीकाळी संबंध येऊ शकेल अशा तिसऱ्याला. जिन्यातला दिवा गेला तर दिवे लावणाऱ्याला पत्र आणि वीज कार्यालयाला प्रत. त्यापायी तो दिवे लावणारा आता त्यांना बघून जिन्याच्या दुसऱ्या बाजूने उतरतो. पण काकांची सवय काही सुटली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे काकू दर आठवड्याला एकदा तरी म्हणत.

झालं होतं असं, की समोरच्या दारातली टायपिस्टबाई एका सकाळी आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. वय चाळिशीच्या आसपास, घरात अंथरुणाला खिळलेली आई. जिथे टायपिंग करायची ते दुकान बंद पडलेलं.

"काका, मला घरबसल्या काम मिळालंय," ती म्हणाली. "डॉक्टर लोक तपासणीचे अहवाल बोलून पाठवतात, ते ऐकून टाइप करायचे. तीन महिने परीक्षा आहे. त्यात एक दिवस जरी खाडा झाला तरी घरी बसा म्हणतात. आणि आपल्या मजल्यावर मोबाइलचं नेट येत नाही, तुम्हाला माहितीच आहे."

"मग जोडणी घ्या की."

"खाली जिन्यात इंटरनेटच्या तारांचा डबा आहे ना, त्यात जागा नाही. आठच्या आठ भरल्यात. नवा डबा बसवायला दोन-तीन महिने लागतील म्हणाले. तोवर तुमचं वाय-फाय वापरू द्याल का? निम्मं बिल मी देईन."

आतून काकूंनी परस्पर "वापर की गं बाई, त्यात काय विचारायचं" असं सांगून टाकलं. काकांना ते अजिबात आवडलं नाही. द्यायचं होतं त्यांनाही, पण असं तोंडी? "कळवतो," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी पाकीट समोरच्या दाराखालून आत सरकलं.

'महोदया, आपण आमच्या दारात केलेल्या तोंडी विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. आमच्या वाय-फाय जोडणीचा वापर आपणांस करू देण्यास आनंदाने संमती देण्यात येत आहे. मात्र पुढील अटींचे कृपया पालन व्हावे.

१. मासिक बिल निम्मे-निम्मे. आपला हिस्सा पाच तारखेपर्यंत द्यावा.
२. पासवर्ड सोबत जोडला आहे. तो आपल्या दोन उपकरणांपुरताच असून तिसऱ्या व्यक्तीस सांगू नये.
३. दर रविवारी दुपारी तीन ते चार आमच्या नातीचा व्हिडिओ कॉल असतो. त्या वेळेत आपण जोडणी वापरू नये.
४. दुपारी दोन ते चार कोणीही कोणाचे दार वाजवू नये. ही अट उभयपक्षी लागू आहे.
५. जोडणी बंद पडल्यास तक्रार आम्ही करू, परंतु त्यामुळे होणाऱ्या नुकसानीस आम्ही जबाबदार राहणार नाही.
६. ही व्यवस्था थांबवायची झाल्यास पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी.

आपल्या कामास शुभेच्छा. आपला शेजारी.'

पत्र खरोखर छान होतं. सभ्य होतं, स्पष्ट होतं, कुठे खोच नव्हती. टायपिस्टबाईने ते दोनदा वाचलं, खाली 'सर्व अटी मान्य' लिहून सही केली आणि दुपारचे दोन वाजायच्या आत परत दिलं. काका खूश झाले. अशी माणसं कचेरीत असती तर, असं ते काकूंना म्हणालेसुद्धा.

आणि मग त्यांनी तिसरी प्रत काढली. तिच्या तळाशी लिहिलं, 'प्रत माहितीसाठी: इंटरनेट कंपनी, स्थानिक कार्यालय'. पासवर्डाचा कागद काढून ठेवण्याइतके ते सावध होते. बाकी सगळं जसंच्या तसं पाकिटात घातलं आणि स्वतः टपालात टाकून आले.

महिना सुरळीत गेला. समोरच्या घरातून सकाळपासून टकटक ऐकू यायची. बाईची पाच तारीख कधी चुकली नाही, रविवारी तीनला टकटक बरोबर थांबायची आणि इकडे टॅबलेटवर नात आपला पडलेला दात दाखवायची. दोन वर्षांपूर्वी मुलगी-जावई परदेशी गेल्यापासून काकांचा आठवडा त्या एका तासाभोवती फिरत होता. ते कबूल करायचे नाहीत, पण रविवारी ते दोन वाजताच दाढी करून बसत.

सहाव्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. पाकिटावर जावक क्रमांक बघून काका हरखलेच. "बघ," ते काकूंना म्हणाले, "दखल घेतली."

दखल चांगलीच घेतली होती. 'आपण पत्राद्वारे दिलेल्या माहितीबद्दल आभार. आपली जोडणी एका कुटुंबाच्या घरगुती वापरासाठी असून ती बिल वाटून अन्य कुटुंबास देणे हा करारातील कलमाचा भंग आहे. आपल्या पत्रातील अट क्रमांक एक व दोनवरून तसा वापर होत असल्याचे दिसून येते. सबब, सात दिवसांत जोडणी बंद करण्यात येईल.'

काका खुर्चीत बसले. त्यांनी कपाटातून जोडणी घेतानाचा कंपनीचा करार काढला. अकरा पानं, बारीक अक्षर. दुसऱ्याच्या कागदातला स्वल्पविरामसुद्धा ज्यांच्या नजरेतून सुटत नसे, त्यांनी या कागदावर न वाचताच सही केली होती. कलम तिथेच होतं, नवव्या पानावर.

"आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात," काकू म्हणाल्या. "आणि पाय दुसरीचाच."

हे मात्र काकांना लागलं. तिच्या परीक्षेचा अजून दीड महिना बाकी होता. आणि आपणच लिहून दिलेल्या पंधरा दिवसांच्या जागी तिला जेमतेम सात मिळणार होते. ते तसेच उठून समोर गेले. अकरा वाजले होते, म्हणजे दार वाजवायला हरकत नव्हती.

टायपिस्टबाईने कानावरचा हेडफोन खाली घेतला आणि कंपनीचं पत्र वाचलं. आतल्या खोलीतून आईने "कोण आलंय?" असं विचारलं. "काका आहेत," ती म्हणाली. मग काकांना म्हणाली, "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. अट पाच आहे ना. नुकसानीस तुम्ही जबाबदार नाही."

ती हे टोमणा म्हणून बोलली असती तर काकांना बरं वाटलं असतं. पण ती अगदी मनापासून बोलली. सदतीस वर्षांत स्वतःच्या मसुद्याची लाज वाटायची ही त्यांची पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या कार्यालयात गेले. काउंटरवरच्या मुलीने फाईल उघडली, काकांचं पत्र वाचलं आणि ओठ दाबून हसू आवरलं.

"काका, शेजाऱ्याला वाय-फाय देणारे खूप असतात. आम्हाला कळवणारे तुम्हीच."

"मला नियम माहीत नव्हता."

"ते झालंच. पण आता फायलीला लागलंय, मी काही करू शकत नाही."

"आणि ही जोडणी त्यांच्या नावावर केली तर?"

"करता येईल. दोघांच्या सह्या लागतील. तुमची तार काढून त्यांच्या घरात न्यायची, डब्यातली जागा तीच राहील. पण मग तुमच्या घरी काही राहणार नाही. नवा डबा बसेपर्यंत थांबावं लागेल."

काकांनी टेबलावरचा पेपरवेट थोडा सरकवला. "पाहुणा त्यांच्या घरी जाऊन बसला आणि त्याने तिथे वापरलं तर?"

"पाहुण्याला कोण अडवतंय?" मुलगी म्हणाली. "फक्त त्याची प्रत आम्हाला पाठवू नका."

अर्ज त्यांनी तिथेच भरला आणि दुसऱ्या सहीसाठी समोरच्या दारी नेला. टायपिस्टबाई आधी सही करेना. "आणि नातीचा फोन?" तिने विचारलं. काका म्हणाले, "तो आमचा अंतर्गत प्रश्न आहे." गच्चीवर मोबाइलचं नेट येतं हे तिलाही ठाऊक होतं आणि काकांचे गुडघे एक मजला चढताना काय करतात हेही. पण काकांनी पेन तिच्या हातात दिलं आणि ते तसेच उभे राहिले. तिने सही केली.

शुक्रवारी माणूस आला, एका तासात त्याने तार इकडची तिकडे नेली आणि भिंतीवर राउटरच्या जागी दोन भोकं ठेवून गेला. समोरची टकटक एकही दिवस थांबली नाही.

"तिच्याकडचं वाय-फाय इथवर येतंय की," शनिवारी काकू टॅबलेट हातात घेऊन म्हणाल्या. "नाव दिसतंय. पासवर्ड मागून घ्या. कोण बघतंय?"

"मी बघतोय," काका म्हणाले.

"मग जा तिच्याकडे पाहुणे म्हणून."

"जायचं तर आहे. पण बोलावणं नको?"

काकूंनी कपाळाला हात लावला. मुलीला त्यांनी आधीच निरोप दिला होता, की फोन नेहमीच्या वेळीच कर, ह्यांचं मी बघते.

रविवारी काकांनी दोनलाच दाढी केली. पावणेतीन वाजता काकूंनी त्यांच्या हातात टॅबलेट दिला आणि त्यांना जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. तीन पावलांचा तो व्हरांडा. समोरच्या दारापाशी काका थांबले आणि त्यांचा वर गेलेला हात तसाच खाली आला.

"वाजवा ना," मागून काकू म्हणाल्या.

"अट चार."

"कसली अट चार?"

"दोन ते चार दार वाजवायचं नाही. उभयपक्षी." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मीच लिहिलंय."

काकू काही बोलणार होत्या, पण त्यांचं लक्ष दाराच्या कडीकडे गेलं. तिथे एक घडी केलेला कागद अडकवला होता. वर टाइप केलेलं होतं: 'प्रत माहितीसाठी: काका'. काकांनी चष्मा नीट केला आणि घडी उलगडली.

'अट क्रमांक चारला बाधा न आणता कळवण्यात येते, की रविवारी दार वाजवायची गरज नाही. ते उघडंच आहे.'

काकांनी कागद वाचला. सवयीने खाली सही शोधली. सही नव्हती, तारीख नव्हती, जावक क्रमांक नव्हता. बिनसहीच्या कागदावर त्यांनी आयुष्यात कधी कार्यवाही केली नव्हती, आणि कोणी केली तर त्याच्याकडून खुलासा मागितला होता.

आतून टायपिस्टबाईच्या आईचा क्षीण आवाज आला. "अगं, पाहुणे आले नाहीत का अजून? तीन वाजतायत."

काकांनी कागद खिशात घातला आणि दार ढकललं.