टाकीचं गणित

आत्याने एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत तिला गर्व झाला होता असं कुणी म्हटलं तर ती चवताळून उठली असती. पण झाला होता. समोरच्या पोराने उदाहरणाची पहिली ओळ वाचली, की शेवटची ओळ आत्या आधीच मनात म्हणून टाकायची. पाण्याची टाकी, चालणारी माणसं, वाटलेली फळं, सगळ्यांचे शेवट तिला तोंडपाठ. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ती खोड काही गेली नव्हती.

आता तिचा वर्ग म्हणजे तिची भाची, ठकी. ठकी हे काही पाळण्यातलं नाव नव्हे, पण घरात दुसऱ्या नावाने तिला हाक मारली तर ती ओ द्यायची नाही. ठकी दुसऱ्या गावात बापाबरोबर राहायची. तिची आई दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली, ती पुन्हा आली नाही, आणि त्या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढत नसे. बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, कारखान्यात पाळ्या करून घरी यायचा तो मेल्यासारखा झोपायचा. आणि आत्याला हलता येत नव्हतं, कारण तिची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. म्हणून मग रोज संध्याकाळी फोन. ठकीने वहीचा नाहीतर पुस्तकाचा फोटो पाठवायचा, आत्याने एका हाताने आईला पेज भरवत दुसऱ्या हाताने फोन धरायचा आणि सांगायचं.

एक गोष्ट आत्याने स्वतःहून ठरवली होती. उदाहरण ठकीने वाचायचं नाही. वाचायला लावलं की पोरगी दुसऱ्या शब्दाला अडखळायची, तिसऱ्याला गप्प व्हायची आणि मग गणित राहायचं बाजूला, रडणं सुरू. तेव्हा फोटो बघून आत्याच मोठ्याने वाचायची आणि ठकी ऐकायची. हा उपाय चांगला लागू पडला होता. निदान आत्याला तसं वाटत होतं.

त्या बुधवारी भावाचा फोन आधी आला.

"ताई, ठकीची उद्या शेवटची संधी आहे," तो म्हणाला. "सरांनी छापील कागदावर एक उदाहरण घरी दिलंय. उद्या मुख्याध्यापिकाबाईंसमोर फळ्यावर सोडवून समजावून सांगायचं. जमलं तर सहावीत. नाही जमलं तर पुन्हा पाचवी."

"जमेल. घाबरतोस काय एवढा?"

"घाबरत नाही. थकलोय." तो म्हणाला. "पुन्हा पाचवी निघाली तर मी तिला वसतिगृहाच्या शाळेत घालणार. तिथलं बोलून ठेवलंय. माझ्याच्याने आता हे होत नाही गं."

वसतिगृह म्हणजे महिन्यातून एक रविवार भेट. फोन नाही. जी पोर रोज दिवा लावायच्या वेळी "आत्या, आलास का फोनवर?" असं मुलाला विचारावं तसं विचारून हसवायची, ती महिन्यातून एकदा. आणि तिथे तिला कोण वाचून दाखवणार होतं? पण भावापुढे ती एवढंच म्हणाली, "फोटो पाठवायला सांग."

फोटो आला तो नेहमीसारखाच. वाकडा, खिडकीच्या गजांची सावली पडलेला, आणि खाली कोपऱ्यात ठकीचा अंगठा.

"पोरी, फोटो काढतेस की अंगठा देतेस?" आत्या म्हणाली. "बरं, ऐक. एका टाकीचा दोन पंचमांश भाग पाण्याने भरलेला आहे. तिच्यात आणखी अठरा लिटर पाणी ओतल्यावर ती निम्मी भरली. तर टाकी…" पुढची ओळ अंगठ्याखाली होती. आत्या क्षणभरही थांबली नाही. "तर टाकीत एकूण किती लिटर पाणी मावेल? हं. काय करायचं?"

"आत्या, पण इथे…"

"तू वाचू नकोस, ऐक फक्त. काय करायचं?"

"दोन आणि अठरा वीस?"

"दोन काय? दोन लिटर?"

"दोन… पंचमांश."

"मग दोन पावलं आणि अठरा केळी मिळवलीस की वीस काय येतील?"

ठकी खुदकन हसली. ती हसली की गाडी रुळावर यायची, हे आत्याला ठाऊक होतं.

"उदाहरणाखालच्या मोकळ्या जागेत एक लांब पट्टी काढ. ही आपली टाकी, आडवी पाडलेली. तिची पाच सारखी घरं कर. केलीस? दोन घरं रंगव. हे झालं आधीचं पाणी. आता मला टाकी निम्मी दाखव."

बराच वेळ नुसता पेन्सिलीचा आवाज. आईच्या हनुवटीवर पेज ओघळली ती आत्याने पुसली.

"आत्या, होत नाही. पाचाचं अर्धं अडीच. रेघ घराच्या मधोमध येते."

"वा! मग ते मधलं घर कापायचं की नाही?"

"कापायचं. पण एकच कापलं तर ते लहान, बाकीची मोठी. मग…" ठकी थांबली. आत्याने जीभ दाताखाली धरली. इथे घाई केली तर सगळं मुसळ केरात, हे तिला एकतीस वर्षांनी शिकवलं होतं. "मग सगळीच कापू?"

"काप की. तुझीच टाकी आहे."

"दहा झाली. रंगवलेली चार झाली. आणि निम्मी म्हणजे पाच." मग एकदम मोठ्याने, "आत्या! एकच घर! चाराची पाच व्हायला एकच घर वाढलं! ते अठरा लिटरचं!"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगा, आलंच. दोन वर्षं ही पोर दगडासारखी बसत होती आणि आज स्वतःहून बोलली.

"आता हेच आकड्यांत लिही. एक द्वितीयांश वजा दोन पंचमांश. छेद दहा करून घे. पाच दशांश वजा चार दशांश, राहिला एक दशांश. एक दशांश म्हणजे अठरा लिटर. मग अशी दहा घरं?"

"अठरा दाहे एकशेऐंशी."

"शाब्बास गं माझी वाघीण!"

"आणि मग पाच घरं रिकामी आहेत," ठकी भराभर बोलत होती, असं ती कधीच बोलत नसे. "अठरा पाचे नव्वद. म्हणजे उत्तर नव्वद ना, आत्या? मी नव्वद लिहिलंय."

"नव्वद कुठून आलं मध्येच?"

"रिकामी घरं…"

"रिकाम्याचं कुणी विचारलंय? हेच तुझं चुकतं बघ. आलेलं हातचं सोडून पुढे पळतेस. उत्तर एकशेऐंशी. ते नव्वद खोडून टाक आणि एकशेऐंशीखाली दोन रेघा मार."

"नक्की ना, आत्या?"

"मी सांगतेय ना?"

"बरं," ठकी म्हणाली. मग खोडरबराचा आवाज आला.

त्यानंतर आत्याने तिच्याकडून सगळं तीनदा म्हणवून घेतलं. घरं का कापली, छेद दहाच का, अठरा लिटर कोणत्या घरात. तिन्ही वेळा ठकीने न अडखळता सांगितलं. आत्या समाधानाने फोन ठेवून आईची कूस बदलायला उठली.

गुरुवारी दुपारी भावाने कागदाचा फोटो पाठवला. फोटो सरळ होता, अख्खा होता. वर सुबक पट्टी, दहा घरं, वजाबाकी, सगळं जिथल्या तिथे. खाली एकशेऐंशी, दोन रेघांसकट. आणि छापलेल्या उदाहरणातल्या शेवटच्या ओळीखाली सरांची लाल रेघ. ती ओळ अशी:

तर टाकी पूर्ण भरण्यासाठी आणखी किती लिटर पाणी लागेल?

आत्या खुर्चीत बसली. मग तिने फोटो बोटांनी मोठा केला. एकशेऐंशीच्या खाली कागद खरवडल्यासारखा झाला होता आणि तिथे, नीट पाहिलं तर, नव्वद अजून दिसत होते. बाजूला सरांनी लिहिलं होतं: पाठ करून आली आहे. प्रश्न समजलेला नाही.

पाठ करून! हे शब्द तिने स्वतः किती वह्यांवर लिहिले होते, त्याला गणती नव्हती.

तिने शाळेत फोन लावला. सर सापडेपर्यंत तिला तीनदा थांबावं लागलं. तिने सगळं सांगितलं, अंगठा, झाकलेली ओळ, खोडलेले नव्वद. कागद उजेडात धरून बघा म्हणाली. आवाज चढला, मग रडवेला झाला.

"बाई, मी तिला विचारलं होतं," सर म्हणाले. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. "प्रश्न वाच म्हटलं, तिने वाचला. मग उत्तर एकशेऐंशी कसं, तर गप्प. शेवटी म्हणाली, मला येत नाही. मुख्याध्यापिकाबाई समोर होत्या. मी काय करणार?"

"तिला येतं हो. मी चुकले."

"तुम्हीही शिक्षिका होतात. घरून असे फोन आल्यावर तुम्ही किती निकाल बदललेत?"

आत्याने मनात मोजले. एकही नव्हता.

संध्याकाळी तिने भावाला सांगितलं, जसं घडलं तसं, स्वतःला न वाचवता. तो ऐकत राहिला. त्याने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

"आता काय त्याचं, ताई," तो म्हणाला. "दुपारीच कळवून आलो वसतिगृहात. सोमवारी नेतो. तूही किती करशील? आईचं बघ."

"निदान तिला दे फोन."

ठकी आली. आत्याने दिवसभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"ठके, तुझे नव्वद बरोबर होते," ती म्हणाली. "ती ओळ मला दिसत नव्हती. मी मनची घातली आणि तुझं खरं उत्तर खोडायला लावलं. चूक माझी होती. ऐकतेस ना?"

"मला माहीत आहे."

"कधी कळलं?"

"बुधवारीच. तू वाचलंस तेव्हा मी खालचं वाचत होते. हळूहळू, पण सगळं वाचलं होतं."

"मग सरांना का नाही सांगितलंस?" आत्याचा आवाज फाटला. "बाईंना तरी सांगायचंस! नव्वद म्हणाली असतीस तर…"

"सर म्हणाले, हे कुणी शिकवलं?" ठकी म्हणाली. "तुझं नाव सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तुझ्या आत्याला येत नाही. मग बाबा फोन बंद करतील असं वाटलं."

आतल्या खोलीत आईने पाण्यासाठी आवाज दिला.

"आत्या, तिथे फोन नसतो ना?" ठकीने विचारलं.

"नसतो, बाळा."

"मग सांगायला हवं होतं," ठकी म्हणाली.