रुंद पायांचे बूट आणि तीन माणसं

सकाळपासून तिसऱ्यांदा फोन वाजला आणि छोटीने तो उचलायच्या आधीच कपाळाला हात लावला. चाळिशी उलटली तरी घरात आणि कारखान्यात तिचं नाव छोटीच होतं. बूट बनवायचं काम दादाचं, विक्रीचं तिचं, अशी बहीणभावाची वाटणी. रुंद पायांसाठी बूट बनवणारे आसपास दुसरे कोणी नव्हते, म्हणून वेबसाइटवर धंदा वाढला होता. आणि वाढल्यापासूनच तिच्या डोक्याला ताप झाला होता.

फोनवर एक नर्स होती. "दिवसभर उभी असते हो मी. रुंद म्हणून मागवले, तर करंगळी चेपतेय."

छोटीने बदलून द्यायचं कबूल केलं, फोन ठेवला आणि तडक वेबसाइट-जाहिराती बघणाऱ्या एजन्सीला लावला.

आधी हे सगळं एक वेबसाइटवाला सांभाळायचा. घरून काम करायचा, कामाचा पक्का होता. पण त्याला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं आणि छोटीच्या कामाचं त्याचं "आज करतो" आठवडाभर लांबायला लागलं. एकदा तो आजारी पडला आणि ऐन सेलमध्ये वेबसाइट बंद. त्या दिवशी दादा म्हणाला होता, "एका माणसावर दुकान टांगायचं नाही. एजन्सी घे. तिथे एक आजारी पडला तर दुसरा असतो."

दुसरा होताच. तिसरा, चौथाही होता. पहिल्या भेटीला आलेल्या अनुभवी बाई नंतर दिसल्याच नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी नवा चेहरा, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं.

"मॅडम, साइटवर तुम्ही दिलेलीच मापं आहेत," एजन्सीतला मुलगा आज म्हणाला. "बदलायची असतील तर मेल करा, दोन दिवसांत होईल. पण या बुटाची जाहिरात मस्त चाललीय हं!"

"चाललीय ना, म्हणून तर चुकीचे बूट चाललेत!" तिने फोन आपटला आणि खाली कारखान्यात गेली.

दादा कातड्यावर माप आखत होता. तिचं ऐकून त्याने मान वर केली. "तो बूट? त्याचा साचा बदलला मी. जुना झिजला होता. नवा थोडा अरुंद आहे."

"कधी?"

"झाले दिवस."

"आणि सांगितलंस कोणाला?"

दादा पेन्सिल कानामागे खोचत म्हणाला, "तू विचारलंस का?"

छोटीला ओरडावंसं वाटलं. ओरडलीही. मग तिथल्याच स्टुलावर बसली. एजन्सीला शिव्या घालून काही उपयोग नव्हता. खाली काय बदललं हे वरच्या मजल्यावर कळत नव्हतं, तर चार गल्ल्यांपलीकडच्या एजन्सीला कसं कळणार?

आता आपलंच माणूस ठेवायचं, असं तिने ठरवलं. जाहिरात दिली: फोटो काढणारं, लिहिणारं, जाहिराती चालवणारं, वेबसाइट दुरुस्त करणारं एक माणूस हवं. आले ते एकतर यातलं एकच जाणणारे, नाहीतर सगळं येतं म्हणणारे आणि काहीच न येणारे. वैतागून तिने जुन्या वेबसाइटवाल्याला बोलावलं. "नोकरीच कर आमच्याकडे."

"ताई, माझी बाकीची कामं सोडू? आणि तुमच्या साइटचं काम आहे महिन्यात जेमतेम दोन दिवसांचं. उरलेले दिवस मला काय माश्या मारायला बसवणार? ते मी बाहेरूनच करतो, तासांवर. जाहिराती एजन्सीकडेच राहू द्या, ते त्यांना जमतंय. फक्त जाहिरातींचं खातं तुमच्या नावावर आहे का बघा."

नव्हतं. एजन्सीच्या नावावर होतं. ते परत मिळवता मिळवता छोटीच्या नाकी नऊ आले. मागचा सगळा हिशोब, कोणी काय बघितलं, काय घेतलं, त्यातच अडकलेला होता. शेवटी करार मोडायची धमकी दिली तेव्हा खातं नावावर झालं.

मग साइट वेबसाइटवाल्याकडे आणि जाहिराती एजन्सीकडेच ठेवून तिने चपलांच्या दुकानात बरीच वर्षं काढलेली एक बाई अर्धा दिवस ठेवली. फोटो बरे काढायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, आणि मुख्य म्हणजे रोज खाली कारखान्यात जायची. दादा कुरकुरला, "बूट विकायला एवढी माणसं?"

चौथ्या दिवशी बाई वर आली. "तपकिरी सँडल बंद होणार म्हणतात दादा. तुम्ही कालच एजन्सीला त्याची जाहिरात वाढवायला सांगितलीत. मी साइटवर काय लिहू?"

छोटीने दादाला वर बोलावलं. तो हात पुसत आला.

"बंद नाही करायची," छोटी म्हणाली. "खपतेय ती."

"कातडं मिळत नाहीये. मीच ठरवणार ना, काय बनवायचं ते?"

"आणि विकायचं काय, ते कोण ठरवणार?"

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा. तोवर मी जाहिरात थांबवायला सांगते," आणि तिने फोन उचलला.

छोटीने दार लावून घेतलं आणि दादासमोर खुर्ची ओढली. "बस," ती म्हणाली. "आज हे मिटल्याशिवाय खाली जायचं नाही."