मूळ लेखिकेची परवानगी

जाईने मेलचा मसुदा माझ्यासमोर ठेवला. ‘प्रोफेसर अमिता वोरा यांस’ हे वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र मी एवढंच म्हटलं, “बस.”

आमच्या विभागात मार्गदर्शकाला दाखवल्याशिवाय विद्यार्थ्याचा एकही मेल बाहेर जात नाही. नियम माझाच आहे. पोरं बाहेरच्या मोठ्या माणसांना ‘हाय मॅम’ लिहून पाठवतात आणि लाज आमची जाते. नेरुळच्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्राची पीएचडी करणारी मुलं मोजकीच, त्यात जाई सगळ्यात चलाख. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली. मासळी विकणाऱ्या बायकांची घर आणि धंदा यांत होणारी ओढाताण, हा तिचा विषय. मला तो इतका आवडला होता की पहिल्या दिवशी मी तिला स्वतःच्या पैशाने चहा पाजला होता.

आणि आता या विषयासाठी तिने निवडली होती अमिताची स्केल.

स्केल म्हणजे विधानांची यादी. ‘घरच्या कामामुळे मला नोकरीवर पोचायला उशीर होतो’ अशी विधानं, आणि प्रत्येकापुढे ‘अगदी पटतं’पासून ‘अजिबात पटत नाही’पर्यंत पाच पर्याय. ऐकायला सोपं वाटतं. एकेक विधान पारखून घ्यायला वर्षं जातात. दुसऱ्याची स्केल वापरायची, त्यातून ती बदलून वापरायची, तर मूळ लेखकाची लेखी परवानगी लागते. ते पत्र जोडल्याशिवाय आमची एथिक्स कमिटी प्रस्तावाला हात लावत नाही.

अमिता आणि मी एम.ए.ला एका बाकावर बसायचो. ती घाटकोपरची, मी वाशीच्या मार्केटात पाठीवर गोण्या वाहणाऱ्या साताऱ्याकडच्या माणसाची मुलगी. मार्क माझे जास्त होते, हे मी आजही कुणी विचारलं तर सांगते, आणि कुणी विचारत नाही. पुढे तिची स्केल परदेशातल्या नामांकित नियतकालिकात आली, सतरा भाषांत गेली, आणि ती बंगळुरूला प्रोफेसर झाली. त्याच्या आधी मीही एक स्केल केली होती. मराठीतच. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या बायकांसाठी, मार्केटातल्या निवडणाऱ्या-पाखडणाऱ्या आणि बाहेर मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांमध्ये बसून. ती आमच्या विद्यापीठाच्या अंकात छापून आली. तो अंक इंटरनेटवर कधी चढलाच नाही. त्यावर नाव आहे शालन जगताप, माझं माहेरचं. पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि कॉलेजच्या दारावर पाटी लागली ती डॉ. एस. के. माने.

अंकाच्या उरलेल्या प्रती माझ्या खुर्चीमागच्या कपाटात आहेत. आजवर एकाही माणसाने मला ‘तुमची स्केल वापरू का’ असा मेल केलेला नाही. एकही नाही. मग आपणहून जाईला कशी सांगणार? ‘बाळ, माझीपण एक आहे’ असं? भाजीवालीनेसुद्धा इतकं आर्जव करू नये.

“हीच का निवडलीस?” मी विचारलं.

“मॅडम, सगळे हीच वापरतात. पण आहे तशी नाय चालणार. मी माझ्या आत्याला, बायजाआत्याला, दोन-चार विधानं वाचून दाखवली. ‘गरज पडली तर साहेब मला रजा देतात’ ऐकून ती हसायला लागली. म्हणते, ‘मना रजा कोन देनार हाय? टोपलीतलं मावरं थांबतंय का कुनासाठी?’”

मला हसू आलं नाही. माझ्या स्केलमध्ये साहेब नव्हताच. गिऱ्हाईक होतं, बर्फ वितळणं होतं, शेजारणीच्या भरवशावर टाकलेलं पोर होतं.

“मग परवानगी कसली मागितलीस?” मी मसुदा पुढे ढकलला. “‘थोडेफार बदल करून वापरू का?’ थोडेफार म्हणजे काय? किती?”

“ते नंतर ठरवलं असतं…”

“नंतर नाही. आत्ता.”

आणि मग मी तिच्याकडून ते सगळं लिहून घेतलं. साहेबाची आणि रजेची चार विधानं गाळणार. ‘ऑफिस’च्या जागी ‘बाजार’ घालणार. पाच पर्यायांचे तीन करणार, कारण आत्याला पाचांतला फरक पटत नाही. मराठी भाषांतर करणार, ते दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत उलटवून ताडून पाहणार. बदललेल्या स्केलची विश्वासार्हता नव्याने तपासणार. नाव मूळ लेखिकेचंच देणार. प्रबंधापलीकडे कुठेही वापरणार नाही. दर बदलापुढे कारण.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. मेल असाच लिहावा, हे मी वर्गात शिकवते. पण आत काय शिजत होतं ते माझं मला ठाऊक. अमिता कशी आहे ते मला माहीत होतं. सेमिनारच्या तिच्या कागदावर मी एक स्वल्पविराम सुचवला तर ती दोन दिवस बोलायची नाही. तिच्या सतरा भाषांत हिंडून आलेल्या लेकराचे हातपाय कापू का, असं विचारल्यावर ती काय म्हणणार? नाही म्हणणार. मग जाई रडवेली होऊन माझ्याकडे येणार. आणि मग मी, अगदी सहज, कपाट उघडणार.

“मार्गदर्शकाचं पूर्ण नाव लिहू ना, मॅडम?”

“एस. के. माने लिही. पाटीवर आहे तसं.”

मेल गेला.

रात्री कामोठ्याला घरी ताट समोर असताना मी तिसऱ्यांदा फोन पाहिला तेव्हा आमचे हे, कृष्णातराव, म्हणाले, “आगं, मेल पोरीचा, उत्तर पोरीला येणार. तू कशाला जेवण सोडतीस?”

“तिने अमिताला लिहिलंय.”

“आलं ध्यानात.” त्यांनी आमटी वाढून घेतली. “म्हंजे आठवडाभर घरात कुणी हसायचं नाही.”

मी रागाने पाहिलं, पण माणूस खोटं बोलत नव्हता. कुठल्याही अंकात अमिताचं नाव दिसलं की माझं दुखणं उफाळतं. तिचा तो गाजलेला लेख मी कधी पुरता वाचलेलासुद्धा नाही. वरचा सारांश वाचते आणि पान मिटते. शिकवायला सारांश पुरतो.

आठवडा गेला. उत्तर नाही. जाई रोज विभागात येऊन मान हलवायची. कमिटीची बैठक जवळ आली होती. ती चुकली तर पुढची थेट जूनमध्ये, आणि जूनला पावसाळी मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला, बाजारात टोपल्या निम्म्या, पोरीने विचारायचं कुणाला? तिचं वर्ष जाणार होतं. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण खरं सांगते, उत्तर आलं नाही म्हणून मला बरं वाटत होतं, आणि जाईचं तोंड पाहून वाईट वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी.

सोमवारी ती धावतच आली.

“मॅडम, हो म्हणाल्या!”

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. “सगळ्याला?”

“सगळ्याला. त्या म्हणतात, लोक नुसतं ‘वापरू का’ विचारतात आणि मग मनाला येईल तसं कापतात. काय काय बदलणार आणि का, हे इतकं स्पष्ट लिहिलेला मेल खूप वर्षांनी आला म्हणे. तुमच्या मार्गदर्शकांना माझा नमस्कार सांगा, असं लिहिलंय.”

माझ्याच हाताने मी तिला परवानगी मिळवून दिली होती. करायला गेले एक.

“अटी काय आहेत?” मी कोरडेपणाने विचारलं.

“उलट भाषांतर त्यांना दाखवायचं. ‘रूपांतरित’ असं स्पष्ट लिहायचं. प्रबंध ऑनलाइन जातो, म्हणून सगळी विधानं नाय छापायची, नमुन्याची दोन-तीनच. आणि…” जाई घुटमळली. “आणि एक काम वाढवलंय, मॅडम. त्या शालन जगताप कोण, तुमाला माहितीये?”

जाईने फोन माझ्यापुढे धरला.

अमिताने लिहिलं होतं: ‘माझी स्केल पगारदार बायकांवर बेतलेली आहे, म्हणून तुम्हाला इतकं कापावं लागतंय. रोजच्या कमाईच्या बायकांसाठी शालन जगताप यांनी मराठीत केलेली स्केल माझ्यापेक्षा आधीची आहे आणि तुमच्या कामाला माझ्याहून जवळची आहे. माझ्या लेखात तिचा संदर्भ दिला आहे. ती वाचल्याशिवाय मला माझी सुरुवात सापडली नसती. लेखिकेचा पत्ता माझ्याकडून हरवला, लग्नानंतर नाव बदललं असावं. शोधा, आणि आधी त्यांची परवानगी मागा. सापडल्या तर मलाही कळवा.’

“विद्यापीठात फोन केला,” जाई म्हणाली. “लेखात नुसतंच ‘एस. जगताप’ आहे. मी त्या नावावर कधी लक्षच दिलं नव्हतं. त्यांच्याकडे अंक नाय, पत्ता नाय. मॅडम, ह्या बाई रिटायर झाल्या असतील का? असतील का तरी?”

मी संगणकावर अमिताचा लेख उघडला. पहिल्यांदाच सारांशाच्या खाली गेले, आणि थेट शेवटच्या पानावर. संदर्भसूचीत माझं नाव होतं. वर्ष बरोबर, अंकाचं नाव बरोबर. इतकी वर्षं ते तिथे होतं, सतरा भाषांतल्या लोकांनी ते डोळ्यांखालून घातलं होतं, आणि एक मीच पान मिटत आले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी आली ती मत्सराची सणक, आजवरच्या सगळ्यांपेक्षा मोठी. स्केल तिची, नाव तिचं, आणि आता मोठं मनही तिचंच. माझ्यासाठी या बाईने काही शिल्लक ठेवलं नाही. मला मिळणारा पहिला मेलसुद्धा तिच्या सांगण्यावरून यायचा होता.

मी खुर्ची वळवली, कपाट उघडलं आणि एक प्रत टेबलावर ठेवली. जाईने मुखपृष्ठ उलटलं, नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“तुमी?”

“माहेरचं नाव आहे.”

“मग सांगितलं का नाय, मॅडम?”

“कुणी विचारलं नाही.”

ती पानं उलटत राहिली. बर्फाच्या विधानापाशी थांबली आणि हसली. आत्यासारखीच हसली असावी. “मी ही वापरू, मॅडम?”

“असं तोंडी नाही. कमिटीला पत्र लागतं. मेल कर.”

“कुणाला?”

“मूळ लेखिकेला.”

ती पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसली. मी फायली आवरण्याचं नाटक करत होते आणि कान तिच्या बोटांकडे होते. मेल आला. विषय: ‘परवानगीसाठी विनंती’. सुरुवात: ‘आदरणीय डॉ. शालन जगताप यांस’. मी तो दोनदा वाचला. मग उत्तर लिहिलं: ‘काय काय बदलणार ते लिहिलेलं नाही. कारणांसह पुन्हा पाठवा.’

“मॅडम…” जाई कुरकुरली.

“नियम म्हणजे नियम.”

तिने पुन्हा पाठवला. या वेळी दर बदलापुढे कारण होतं. मी परवानगी दिली, सगळ्याला दिली, आणि अट एकही घातली नाही. अमिताच्या अटींची यादी जाईच्या वहीत होती, माझी नसावी असं मला वाटलं.

“वोरा मॅडमना तुमी सापडल्याचं कळवू?” जाईने विचारलं.

“थांब जरा,” मी म्हटलं. “कमिटी होऊ दे.”

ती गेल्यावर मी तिचा प्रस्ताव उघडला. संदर्भसूची आडनावांच्या क्रमाने लावायची असते, इंग्रजी अक्षरांप्रमाणे. जगताप वोराच्या बरीच आधी येते. हे मी जाईला सांगितलं नाही. ते आपोआपच होणार होतं.