मेळ्याच्या दिवशी सर्वर डाउन

आमच्या रामपायलीत हातपंपाला पाणी आलं नाही तरी माणसं "सर्वर डाउन हाय" म्हणतात. जावई बोलेनासा झाला तरी तेच. हे शब्द गावात रुजवण्यात माझाही हात आहे, कारण देवळाच्या वाटेवरचं ऑनलाइन सेंटर माझं आहे आणि रोज कोणाला ना कोणाला मी ते ऐकवत असते. मी अलकनंदा. बालाघाटच्या सरकारी नोकरदारांच्या घरातली, लग्न होऊन इथे आलेली. मला दुसऱ्याला शिकवायची फार हौस, आणि माझा राग दुधासारखा, वर यायला वेळ लागत नाही.

कार्तिकाच्या मेळ्याचा तो पहिला दिवस. सकाळी चंदन नदीवरून धुकं येऊन पार माझ्या दारापर्यंत बसलं होतं. मैदानातला आकाशपाळणा धुक्यात उभा होता, त्याचे वरचे झुले दिसतच नव्हते. त्या धुक्यातून मैनाबाई आणि तिची समीक्षा आल्या. मोतीलाल, म्हणजे समीक्षाचा बाप, तिरोडीच्या खाणीत कामाला आहे, तो ड्यूटीवर होता.

"काकू, सीट भेटली! जबलपूर, नर्सिंग!" समीक्षा पायरीवरूनच ओरडली.

मी तिला मिठीच मारली. रामपायलीची पोर जबलपूरला नर्स व्हायला निघाली, मला काय आनंद झाला सांगू! पण नुसती सीट लागून भागत नाही. मिळालेली सीट पोर्टलवर जाऊन स्वीकारावी लागते, आणि त्याची मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत होती. नाही स्वीकारली तर सीट यादीतल्या पुढच्या पोरीला.

मी पोर्टल उघडलं. निळी पट्टी आली, वरचं बोधचिन्ह आलं, आणि खाली हिंदीत लिहून आलं की लोड फार आहे, थोड्या वेळाने या.

"हे बघ," मी म्हटलं, "ही पाटी त्यांची आहे. म्हणजे आपली हाक तिथवर गेली आणि आतून कोणीतरी 'थांबा' म्हणालं. अख्ख्या राज्यातल्या पोरी एकाच दारात उभ्या आहेत. आपल्याकडे बिघाड असता तर उत्तरच आलं नसतं."

खात्रीसाठी बाजूला बातम्यांचं पान उघडलं. झटक्यात उघडलं. वर भाताच्या शेतात उतरलेल्या सारसांच्या जोडीचा फोटो होता. "पाहा, आपलं नेट ठणठणीत," मी म्हटलं. मैनाबाई त्या फोटोकडे बघत राहिली.

मग आम्ही वाट पाहत बसलो. मी थोड्या थोड्या वेळानं बटण दाबायची, तीच निळी पट्टी यायची. धुकं विरलं. ट्रॅक्टर भरभरून माणसं यायला लागली, जिलेबीचा वास आत शिरला, भोंग्यावर कोणाकोणाची हरवलेली पोरं पुकारली जाऊ लागली. आकाशपाळणा फिरू लागला आणि माझ्या स्क्रीनवरचं गोल चक्रही फिरू लागलं. दोन्हीकडे बघून मला पेंग यायला लागली.

दुपारी निळी पट्टी येणं बंद झालं. नुसतं चक्र, मग पांढरं कोरं पान, त्यावर राखाडी अक्षरं. मी वाचलीसुद्धा नाहीत. सर्वर डाउन, दुसरं काय! समीक्षानं तिच्या मोबाइलवर पाहिलं, तिथेही चक्रच. सिग्नलच्या दांड्या मात्र दोन्हीकडे भरगच्च. मी मधूनमधून बातम्यांची खिडकी पुढे आणायची. सारस जागेवर, म्हणजे नेट ठीक.

"बापूले फोनपण लागून नाही राह्यला," समीक्षा म्हणाली.

"मेळ्यात कोणाचा फोन लागतो का, बाई!" मी हसून म्हटलं, आणि पुन्हा पेंगायला लागले. आता आठवलं की वाटतं, स्वतःच्याच पाठीत धपाटा घालावा.

ती दुपार मात्र गोड होती, हे कबूल करायला हवं. समीक्षा आईच्या खांद्यावर डोकं टेकून होस्टेलच्या गोष्टी करत होती, अजून न पाहिलेल्या खोलीच्या, न पाहिलेल्या मैत्रिणींच्या. मैनाबाई एकेक लाही तोंडात टाकत तिच्या केसांवरून हात फिरवत होती. भोंग्याचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. अर्धवट झोपेत मला पांढऱ्या गणवेशातली समीक्षा आकाशपाळण्यात वर वर जाताना दिसली, आणि खाली मैनाबाई पदर धरून उभी.

ऊन कलायला लागलं तसा समीक्षाचा आवाज बारीक झाला. "काकू, नाहीच उघडलं तं? माही सीट गेली काय?" तिचे डोळे भरून आले.

मैनाबाईचा हात थांबला. तिनं पोरीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, आणि हळूच म्हणाली, "बाई, हे पाखरं सकाळपासून तेच हायेत."

"कोणते पाखरं?"

"फोटोतले. बातम्या तं बदलत राह्यतात ना?"

मी चटकन ते पान ताजं करायचं बटण दाबलं. सारस उडाले. चक्र फिरलं, फिरलं, आणि तेच कोरं पान आलं, तीच राखाडी अक्षरं. सकाळी उघडलेलं पान मी दिवसभर पुढे आणून बघत होते! त्याला नेट लागतंच कुठे? दुसरं एक कधीच न उघडलेलं पान मागवलं. तेही आलं नाही.

माझी झोप खाडकन उतरली. सकाळचा आजार तिकडचा होता. दुपारचा इकडचा. गावात टॉवर एकच, देवळामागचा, माझ्या सेंटरचं नेटही त्याच्यावरच, आणि मेळ्यातले हजारो मोबाइल त्यालाच लटकलेले. दांड्या सांगतात टॉवर जवळ आहे. त्याला तुमच्यासाठी सवड आहे की नाही, ते त्या सांगत नाहीत. तिकडचं पोर्टल कधीच मोकळं झालं असेल, आणि मी आपली इथे पेंगत बसलेली!

"उठा!" मी ओरडले. "गावाबाहेर!"

सेंटरला कुलूप न लावताच स्कूटी काढली. तिघी एकावर एक बसलो. गर्दीतून हॉर्न वाजवत, शिव्या खात वारासिवनीच्या रस्त्याला लागलो. भोंगा मागे पडला. कापलेल्या भाताचा वास आला. पुलापलीकडे एका मोहाच्या झाडाखाली मी थांबले, इथे पुढच्या गावचा टॉवर पकडतो.

समीक्षानं मोबाइल उघडला. निळी पट्टी आली, आणि या वेळी तिच्याखाली तिचं नावही आलं. ओटीपी आला. आकडे मी वाचून दाखवले, तिनं टाकले. तिनं 'स्वीकार' दाबलं. क्षणभर चक्र फिरलं आणि हिरवी खूण उमटली. पाच वाजायला थोडाच अवकाश होता.

समीक्षा रडायला लागली, मीही. मैनाबाई तेवढी बांधावर जाऊन बसली.

"मैनाबाई, तुझ्यामुळे झालं गं," मी म्हटलं. "नेमकं वेळेवर दिसलं तुला."

"मले दुपारीच दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग काहून नाही सांगितलं, आई?" समीक्षानं डोळे पुसत विचारलं.

मैनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "सर्वर डाउन होतं तवर तू माह्या बाजूले बसून होती."

समीक्षा तिच्याजवळ जाऊन बसली. शेतावर पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी जबलपूरले गेली आन् फोन नाही लागला, तं सर्वर डाउन म्हणून बसू नको. याच झाडाखाली येऊन लावजो."

"हौ," मैनाबाई म्हणाली. तिनं झाडाकडे पाहिलं, मग मागे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे. पायी यायला किती वेळ लागेल, याचा ती अंदाज घेत होती.