शेवटची गाठ

इन्स्टाग्रामवर खोटं पान काढणाऱ्याने दिपमालाचे फोटो चोरले आणि शिव्या मात्र दिपमालाने खाल्ल्या. आपल्याकडे हे असंच होतं. चोर सापडत नाही म्हणून लोक घरधन्यालाच झोडतात.

तिचा धंदा साधा. धुळ्याला देवपुरात भाड्याची एक खोली, खोलीत पाट, पाटावर काळ्या मण्यांच्या वाट्या. ती पोत ओवायची. इकडे मंगळसूत्राला पोतच म्हणतात. रेशमी दोरा, मधे एक ग्रॅमचे, सोन्याचं पाणी चढवलेले मणी, खाली दोन वाट्या आणि मागे गोंडा. पटव्याचं, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवण्याचं, हे काम ती जळगावच्या सलीमा खालाकडे शिकली. इन्स्टाग्रामवर 'काळीपोत' नावाचं पान काढलं. बरं चाललं होतं. मग कोणीतरी तेच फोटो उचलून त्याच नावाचं दुसरं पान काढलं, बायकांकडून आगाऊ पैसे घेतले आणि पान बंद करून पळाला. बायका भडकल्या, त्या खऱ्या पानावर. 'फ्रॉड'. 'चोर बाई'. 'हिचा पत्ता द्या'. दिपमाला एकेकीला उत्तरं देत बसली. कोणी वाचली नाहीत.

लग्नसराई तोंडावर आली होती. पोतीचा धंदा तेवढ्याच महिन्यांचा असतो. ही सराई हातची गेली तर खोली सोडून सावद्याला भावाकडे जायचं होतं. भाऊ वाईट नव्हता. "ये ना, पोरं सांभाळशील, जेवशील खाशील," म्हणायचा. बाईला खायला घातलं की तिचा प्रश्न मिटला, असं वाटणारे भाऊ घरोघर आहेत. भावाच्या घरात दिपमालाला झोपायला हॉलमधली सतरंजी होती, टीव्ही बंद झाल्यावर.

म्हणून तिने जळगावहून ललितला बोलावलं. ललित रील लिहायचा आणि शूट करायचा. ट्रॅक्टरचं शोरूम, केळीचे वेफर्स, दातांचा दवाखाना, सगळ्यांच्या रील त्याच्याच. पारोळ्यावरून एसटीने आला, पाणी प्यायला आणि फोन काढून वाचायला लागला.

"पंचेचाळीस सेकंद. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला, नाहीतर अंगठ्याने व्हिडिओ वर ढकललाच. म्हणून 'नमस्कार, मी दिपमाला' नाही चालणार. ऐका. 'माझ्या आजीच्या लोखंडी पेटीत एक पोत होती...'"

"माझ्या आजीकडे पेटी नव्हती," दिपमाला म्हणाली.

"कोणाच्याच आजीकडे नसते हो ताई. व्हिडिओत असते."

"दुसरं वाच."

ललितने दुसरं वाचलं. " 'नवरा गेला. हात थांबले नाहीत.' मागे बासरी. हे लाखात जाईल बघा."

दिपमाला हसली. कडवट हसली. तिचा नवरा नरडाण्याच्या कंपनीत होता. पाळी संपवून मोटरसायकलवर येताना हायवेला गेला. तीन वर्षं होऊन गेली. "लाखभर बाया रडतील, भाऊ. आणि पोत घेतील दुसरीकडून. विधवेने ओवलेली पोत नवरीच्या गळ्यात कोण घालतं?"

ललितने ती ओळ पुसली. बासरीवाल्या माणसाला हे सुचलंच नव्हतं.

"मग असं कर, फक्त हात दाखव. तोंड नको," ती म्हणाली.

"नाही." आता तो खरंच कामाचं बोलला. "तोंड नाही तर विश्वास नाही. तो चोरही हातच दाखवत होता, तुमचे हात. त्याच्याकडे काय आहे? फोटो. काय नाही? काम. त्याला ओवता येत नाही. म्हणून आपण ओवताना दाखवायचं. आणि शेवटची गाठ एकाच शॉटमध्ये, मधे न कापता. बाई बघते तेव्हा तिच्या डोक्यात एकच शंका असते, पैसे टाकले तर वस्तू येईल का. ती शंका आपणच आधी बोलायची. मग काम. मग सरळ सांगायचं की हे सोनं नाही, एक ग्रॅम आहे, पाण्यात घातलं तर रंग उतरेल. खोट सांगितली की बाकीचं खरं वाटतं. शेवटी एकच सांगणं: मेसेज करा, मी स्वतः उत्तर देते. दोन गोष्टी सांगितल्या तर एकही करत नाहीत."

पोरगा अगदीच बोगस नव्हता. त्यांनी बसून लिहिलं. ललितने 'आमची टीम' लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं.

"टीम कुठे आहे? मी आहे आणि पंखा आहे."

शेवटचं वाक्य ललितला फार आवडलं: 'प्रत्येक गाठ माझ्या हाताची.' दिपमाला त्या वाक्यावर जरा थांबली. मग म्हणाली, "असू दे."

आवाजासाठी पंखा बंद केला. मार्चचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं. खिडकीकडे तोंड करून ती बसली. मोबाईल स्टँडवर उभा लावला. ललितने मान हलवली.

"या नावाने तुमचे पैसे बुडालेत? मग हे हात बघा," ती बोलायला लागली. बोलता बोलता मणी ओवत गेली. आवाज आधी कापला, मग हातांबरोबर सरळ झाला. वाट्या बसल्या. गोंडा आला. दोऱ्याची दोन टोकं उरली. आता गाठ आणि ते वाक्य.

तिने टोकं चिमटीत धरली, मान दाराकडे वळवली आणि रोजच्यासारखी हाक मारली, "सुंदरअक्का! झाली हो!"

ललित मोबाईलमागून उठला. "ताई? हे काय?"

दिपमालाने जीभ चावली. पण हाक गेली ती गेली.

भिंतीपलीकडून सुंदरबाई आली, पदराला हात पुसत. साठीची बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हळदीकुंकवाची पितळी कोयरी. नवरा होता तिला. गुजरातेत कुठल्या मिलवर वॉचमन होता, दिवाळीला यायचा, नाही यायचा. पण होता. गल्लीला तेवढं पुरतं.

"आज इतली लवकर व माय?" ती पाटाशी बसली, दिपमालाच्या हातातली टोकं घेतली आणि मग ललितला पाहिलं. "हाऊ कोन शे?"

"व्हिडिओ काढणारा आहे, अक्का."

"काढ बाबा, काढ," म्हणत सुंदरबाई गाठ मारायला लागली.

दिपमालाने ललितला हळूच सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी गल्लीतल्या बाया पोत उचलायच्या आणि विचारायच्या, 'बांधली कोणी?' मग खाली ठेवायच्या. सोनाराला कोणी विचारत नाही की तुझी बायको जिवंत आहे का. बाईला विचारतात. तेव्हा सुंदरबाईच म्हणाली होती, शेवटची गाठ मी बांधत जाईन, सवाष्णीचा हात लागला की झालं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती यायची. गाठी बांधायची, एकेका पोतीला हळदीकुंकू लावायची, मग चहा. मग बोदवडच्या माहेरच्या गप्पा, त्याच त्या. दिवसभरात दिपमालाशी कोणी बोललं तर तेवढंच.

ललित हळू आवाजात म्हणाला, "सोपं आहे. गाठीचा शॉट जवळून घेतो. फक्त बोटं. कोणाला कळणार नाही ही बोटं कोणाची."

"आणि वर मी म्हणू, प्रत्येक गाठ माझ्या हाताची?"

"जाहिरात आहे ताई."

"त्या चोराचीही जाहिरातच होती."

"मग ते वाक्य काढू."

"आणि कोणी विचारलं, शेवटची गाठ कोणाची?" ती उठली, परत बसली. "तूच म्हणालास ना, शंका आपणच आधी बोलायची."

सुंदरबाईचे हात थांबले. "काय चाललं शे?"

दिपमालाने तिच्या हातातून दोऱ्याची टोकं काढून घेतली. हळूच घेतली, पण घेतली. "अक्का, आज मी बांधते."

"तुना हातनी? चालाव नही, माय. मी वाईट नही सांगस. लोके सांगतस."

"लोक सांगू देत."

"नवरीना गळामा जाणार शे ती!"

"माझ्याही गळ्यात होती, अक्का. सोनाराने बांधली होती, सवाष्णीने हळदीकुंकू लावलं होतं. बठ्ठं, सगळं केलं होतं. काय झालं?"

सुंदरबाई पाटापासून उठली. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

ललितने न विचारता मोबाईल चालू केला. दिपमाला खिडकीकडे वळली. लिहिलेलं वाक्य तिने बोललंच नाही.

"मला नवरा नाही. आजवर शेवटची गाठ मी शेजारणीकडून बांधून घेत होते, लोक नावं ठेवतात म्हणून. आजपासून तीही मीच बांधते. हे बघा." टोकं गुंडाळली, फिरवली, ओढली. दाताने दोरा तोडला. "ज्यांना चालत नाही त्यांनी घेऊ नये. ज्यांना चालतं त्यांनी मेसेज करा. मी एकटीच आहे, उत्तराला थोडा वेळ लागेल."

ललितने बटण दाबलं. "एकदा परत..."

"परत नाही."

सुंदरबाई दारात पोचली होती. मागे न बघता म्हणाली, "मंग मनं काय काम आते? मी कसाले येऊ?" आणि गेली.

व्हिडिओ चालला. लाखात नाही, पण चालला. खाली शिव्या होत्या, अपशकुनी, निर्लज्ज, सगळा नेहमीचा माल. पण ज्यांचे पैसे बुडाले होते त्यातलीच एक नंदुरबारची बाई लिहून गेली, 'ही खरी दिसते.' तिच्याखाली दुसरीने पोत मागवली. मग तिसरीने. एका पोरीने लिहिलं, माझी आई पण एकटी आहे, माझ्या लग्नाची पोत तुम्हीच करा, गाठ तुम्हीच बांधा. दिपमालाने तो मेसेज बऱ्याच वेळा उघडून वाचला. भावाला फोन करून सांगितलं, मी येत नाही. भाऊ म्हणाला, "बघ बुवा," आणि पोराला काहीतरी ओरडत फोन ठेवला.

खोली राहिली. काम वाढलं. दिवेलागणीला पोती तयार व्हायच्या, आणि रोज त्या वेळेला तिची मान दाराकडे वळायची. हाक ओठापर्यंत यायची. ती गाठ बांधायची. हाताला सवय झाली, मानेला झाली नाही.

पितळी कोयरी पाटाजवळच राहिली होती. पाच-सहा दिवस तिने वाट पाहिली, न्यायला येईल म्हणून. मग चहा टाकला, दोन कप, आणि कोयरी घेऊन शेजारच्या दारात गेली. दार अर्धं उघडं होतं. आत सुंदरबाई भिंतीकडे तोंड करून धान्य निवडत बसली होती.

"अक्का, तुमची कोयरी. आणि चहा टाकलाय."

"ठेव तठेच."

"गार होईल."

सुंदरबाई वळली नाही. सूप हलत राहिलं.

दिपमालाने कोयरी उंबऱ्यावर ठेवली. मग घरी येऊन एक कप प्यायली, दुसरा झाकून ठेवला. फोन वाजत होता, कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी बाया विचारत होत्या, ताई आहात का. ती 'आहे, आहे' असं लिहीत बसली.

सकाळी पाणी भरायला बाहेर आली तेव्हा शेजारचं दार आतून बंद होतं. कोयरी उंबऱ्यावर तशीच होती.